शाळेच्या छतावर सोलर: मुख्याध्यापकांना द्यायचं प्रस्तावपत्र आणि गेल्या वर्षीच्या बिलांवरून बचतीचा हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न पालक, माजी विद्यार्थी आणि काही शिक्षक सतत विचारतात. उत्तरं महावितरणच्या लघुदाब जोडणीची शाळा धरून दिली आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच नमुना शाळा घेतली आहे: तालुक्याच्या गावातली खासगी संस्थेची माध्यमिक शाळा, मंजूर भार १८ किलोवॅट, वर्षाचा वापर ११,०४० युनिट. त्यातले दर नमुन्याचे आहेत. तुमच्या पत्रात तुमच्या शाळेच्या बिलावरचेच दर यायला हवेत.

१. पत्र मुख्याध्यापकांना द्यायचं की थेट संस्थेला?

पत्र मुख्याध्यापकांच्याच नावे द्या, पण ते पुढे पाठवता येईल असं लिहा. छतावर काही बांधायचा निर्णय मुख्याध्यापक एकटे घेऊ शकत नाहीत. खासगी संस्थेच्या शाळेत तो संस्थेच्या कार्यकारिणीपुढे जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होतो, आणि इमारत जिल्हा परिषदेची असल्यामुळे प्रकरण गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातं. म्हणजे तुमचं पत्र अशा माणसांच्या हातात पडणार आहे ज्यांना तुम्ही कधी भेटलेला नाही. तोंडी समजावून सांगायची संधी मिळणार नाही असं धरून चाला: आकडा कुठून आला ते पत्रातच दिसलं पाहिजे आणि बिलांच्या प्रती सोबत जोडलेल्या हव्यात.

२. गेल्या वर्षाची बिलं माझ्याकडे नाहीत. ती कशी मिळवायची?

शाळेच्या कार्यालयातल्या लिपिकांना भेटा. बिलं त्यांच्याच फायलीत असतात आणि भरणाही बहुधा तेच करतात. आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, नाहीतर परस्पर कागद मागितल्यासारखं होतं. एखाद्या महिन्याचं बिल सापडत नसेल तर १२ अंकी ग्राहक क्रमांकावरून ते महावितरणच्या संकेतस्थळावर पाहता येतं. शिवाय प्रत्येक बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे युनिटचा आकडा एका बिलावरूनही बराचसा जुळवता येतो. रुपयांचा हिशेब मात्र बाराही बिलं समोर ठेवूनच करा.

बारा महिने एप्रिल ते मार्च असेच घ्या. जानेवारी ते डिसेंबर घेऊ नका. कारण प्र. ६ मध्ये आहे.

३. वर्षभरात १,०२,००० रुपये बिल भरलं. सोलर बसवलं तर एवढे सगळे वाचतील ना?

नाही. बहुतेक पत्रं इथेच घसरतात, आणि विक्रेत्यांची कोटेशनंही. बिलात दोन जातीचे आकार असतात. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार युनिटप्रमाणे लागतात, त्यामुळे युनिट कमी झाले की तेही कमी होतात. स्थिर आकार मात्र जोडणी आहे म्हणून लागतो. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं तेव्हाही तो भरावा लागतो आणि सोलर बसवल्यावरही भरावाच लागेल. या सगळ्यावर टक्केवारीने वीज शुल्क लागतं.

नमुना शाळेचं गणित असं बसतं. युनिटमागे लागणारे तिन्ही आकार मिळून ७.२० रुपये होतात. ११,०४० युनिटचे ७९,४८८ रुपये झाले. स्थिर आकार महिन्याला ४३० रुपये, म्हणजे वर्षाला ५,१६०. दोन्ही मिळून ८४,६४८ आणि त्यावर २१ टक्के वीज शुल्क धरलं की वर्षाचं बिल १,०२,४२४ रुपये होतं.

आता बिलाला सरळ युनिटने भागलं तर युनिटला ९.२८ रुपये येतात. बचतीसाठी हा आकडा चुकीचा आहे. एक युनिट खरोखर वाचलं तर वाचतात ७.२० रुपये अधिक त्यावरचं शुल्क, म्हणजे ८.७१ रुपये. पत्रातला सगळा हिशेब या ८.७१ वर उभा करा.

फरक लहान वाटेल. पण मंजूर भार २० किलोवॅटच्या वर असलेल्या शाळेत स्थिर आकार प्रति केव्हीए लागतो आणि बिलाचा बराच मोठा भाग खातो. तिथे सरळ भागाकाराने काढलेली बचत चांगलीच फुगते. पहिल्या वर्षअखेरीस संस्थेचे खजिनदार बिलं काढून बसतात, तेव्हा फुगवलेला आकडा पत्र लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येतो.

वीज शुल्काबद्दल एक गोष्ट. शाळा धर्मादाय संस्थेची आहे म्हणून शुल्क माफ असेल, असं अजूनही पुष्कळ जण धरून चालतात. २०१६ च्या वीज शुल्क कायद्यानंतर खासगी संस्थांच्या शाळांना ती माफी उरलेली नाही, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठरवलं. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बिलावर तो रकाना रिकामा असेल तर तुमच्या हिशेबातही शुल्क शून्य धरा.

४. एका महिन्याचं बिल एकदम दुप्पट दिसतंय आणि दोन महिन्यांचे युनिट अगदी सारखे आहेत. काय समजायचं?

दुप्पट बिलात बहुधा मागची थकबाकी मिसळलेली असते. सुट्टीत बिल भरायचं राहून जातं, ते पुढच्या बिलात येतं. तुम्ही दोन्ही महिन्यांची भरायची रक्कम बेरजेत घेतली तर तेच पैसे दोनदा धरले जातात. म्हणून ‘चालू वीज देयक’ एवढीच रक्कम घ्या; थकबाकी, व्याज आणि सुरक्षा ठेवीची मागणी वगळा.

सलग महिन्यांत युनिट अगदी सारखे असतील तर ते सरासरीचं बिल आहे. रीडिंग घेतलं गेलेलं नाही, शाळेला कुलूप होतं किंवा मीटर बंद पडलं होतं. मागचं आणि चालू रीडिंग ताडून पाहा. दोन्ही आकडे तेच असून युनिट लागले असतील तर शंका उरत नाही. अशा वेळी एकेक महिना पाहू नका. खरं रीडिंग मिळालेले अलीकडचे आणि पलीकडचे महिने शोधा, दोन रीडिंगमधला फरक घ्या आणि मधल्या महिन्यांत वाटा. पत्रात तळटीप म्हणून तसं लिहा. मीटर वर्षभर बंदच असेल तर आधी मीटर बदलून घ्या, काही महिन्यांचा खरा वापर येऊ द्या आणि मग पत्र लिहा.

५. किती किलोवॅटची यंत्रणा मागायची?

महाराष्ट्रात सावली नसलेल्या छतावर १ किलोवॅटपासून वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० युनिट मिळतात. पत्रात खालचा आकडा धरा, कारण शाळेच्या छतावरची धूळ कोण नेमाने धुणार हा खरा प्रश्न असतो. ११,०४० ला १,३०० ने भागलं की साडेआठ येतात. नमुना शाळेसाठी ८ किलोवॅट पुरतात. वर्षाला १०,४०० युनिट मिळतील, म्हणजे वापरापेक्षा थोडे कमी.

ते कमीच हवेत. वर्षभराच्या वापरापेक्षा जास्त निर्माण केलं तर उरलेल्या युनिटचे पैसे तुम्ही भरता त्या दराने मिळत नाहीत, त्याहून पुष्कळ कमी दराने मिळतात. शेवटचा किलोवॅट बसवायला पहिल्याइतकाच खर्च येतो, परत मात्र थोडंसंच देतो.

आणखी दोन मर्यादा तपासा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करून घ्यायच्या पद्धतीत, यंत्रणेची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असून चालत नाही. इथे भार १८ आहे, म्हणून अडचण नाही. जागा किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागते, म्हणजे ८०० चौरस फूट मोकळं, सावलीविना छत.

६. एप्रिल-मे मध्ये ऊन सगळ्यात जास्त आणि तेव्हाच शाळेला सुट्टी. ती वीज वाया जाते का?

हा प्रश्न कार्यकारिणीत कोणीतरी विचारतोच, म्हणून त्याचं उत्तर आधीच पत्रात घाला. वीज वाया जात नाही. नेट मीटरिंगमध्ये ज्या महिन्यात निर्मिती वापरापेक्षा जास्त होते त्या महिन्याचे उरलेले युनिट शाळेच्या खात्यावर जमा राहतात आणि पुढच्या बिलांत वळते होतात. हिशेब संपतो ३१ मार्चला. उन्हाळा येतो या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणून मे मधली शिल्लक वापरायला पुढे दहा महिने मिळतात. आर्थिक वर्ष डिसेंबरला संपत असतं तरी चाललं असतं, पण मे अखेर संपत असतं तर शाळांचं मोठं नुकसान झालं असतं.

नमुना शाळेचे महिने पाहा. एप्रिलमध्ये निर्मिती १,०४० आणि वापर ९१०, शिल्लक १३०. मे मध्ये निर्मिती पुन्हा १,०४०, पण वापर फक्त ३४० (कार्यालय, पाण्याचा पंप, रात्रीचे दिवे), शिल्लक ७००. खात्यावर ८३० युनिट झाले. जूनमध्ये ढग आले, ७६० निर्माण झाले आणि ७८० वापरले. जुलैत ६०० निर्माण, १,०२० वापर. ऑगस्टमध्ये ६४० निर्माण, १,०५० वापर. या तीन महिन्यांत कमी पडले ८५०. म्हणजे उन्हाळ्यात साठलेले युनिट ऑगस्टअखेर पावसाळ्यानेच संपवले. दिवाळीच्या सुट्टीत नोव्हेंबरला पुन्हा १२० उरतात, ते जानेवारीपर्यंत खर्च होतात. ३१ मार्चला खात्यावर काहीच शिल्लक नाही, आणि तेच हवं आहे.

मोठ्या यंत्रणेचा मोह झाला तर हाच हिशेब १२ किलोवॅट धरून करून पाहा. मार्चअखेर साडेचार हजारांवर युनिट पडून राहतात.

७. हे सगळं मुख्याध्यापकांना समजेल असं एका पानात कसं मांडायचं?

खाली मजकूर दिला आहे. महिनावार तक्ता दुसऱ्या पानावर परिशिष्ट म्हणून जोडा. पॅनेलचा प्रकार, इन्व्हर्टरची कंपनी असला तपशील पत्रात नको. तो कोटेशनमध्ये असतो.

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे नाव व गाव)
>
> विषय: शाळेच्या छतावर ८ किलोवॅटची सौर वीज यंत्रणा बसवण्याबाबत.
> संदर्भ: वीज ग्राहक क्र. (…), एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची वीज देयके.
>
> महोदया,
>
> संदर्भीय वर्षात शाळेचा वीज वापर ११,०४० युनिट असून चालू देयकांची बेरीज रु. १,०२,४२४ आहे. यातील स्थिर आकार व त्यावरील शुल्क (रु. ६,२४४) सौर यंत्रणा बसवल्यानंतरही भरावे लागेल.
>
> ८ किलोवॅट यंत्रणेतून वर्षाला सुमारे १०,४०० युनिट अपेक्षित आहेत. प्रति युनिट रु. ८.७१ प्रमाणे वार्षिक बचत सुमारे रु. ९०,५०० होते. साफसफाई, विमा व देखभालीसाठी रु. ८,००० वजा जाता निव्वळ बचत सुमारे रु. ८२,५०० राहील. तीन कोटेशनपैकी मधले रु. ४,४०,००० चे आहे. त्यानुसार खर्च साधारण साडेपाच वर्षांत भरून निघेल. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागण्याची शक्यता असून तो खर्च यात धरलेला नाही.
>
> सुट्टीतील शिल्लक युनिटचा हिशेब सोबतच्या तक्त्यात दिला आहे. प्रस्ताव संस्थेच्या पुढील सभेत ठेवावा व तत्पूर्वी छताच्या पाहणीस परवानगी द्यावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, इयत्ता … मधील विद्यार्थ्याचे पालक)
>
> सोबत: १२ देयकांच्या प्रती, महिनावार तक्ता, तीन कोटेशन.

शेवटची विनंती मुद्दाम छोटी ठेवली आहे. साडेचार लाखांना लगेच होकार कोणीच देत नाही. छत पाहायला मात्र मुख्याध्यापिका आपल्या अधिकारात हो म्हणू शकतात.

कोटेशन जुनं असेल तर नवं मागवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

८. पीएम सूर्यघरचं अनुदान धरलं तर खर्च आणखी कमी होईल ना?

शाळेला ते मिळत नाही. ७८,००० रुपयांपर्यंतचं ते अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. कोटेशनमध्ये कोणी ते वजा करून दाखवलं असेल तर त्या विक्रेत्याला बाजूला ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा जवळच्या कारखान्याचा सीएसआर हे खरे मार्ग आहेत. त्यांना पाठवायच्या पत्रातही प्र. ७ चाच हिशेब चालतो, फक्त परतफेडीची वर्षं मागे घ्या आणि वाचलेले पैसे शाळा कशावर खर्च करणार ते पुढे आणा.

९. सोलर बसवलं की लाईट गेल्यावर वर्ग चालू राहतील का?

राहणार नाहीत. नेट मीटरची साधी यंत्रणा वीज गेली की स्वतःहून बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमच्या छतावरचा करंट जाऊ नये म्हणून ती तशी बनवलेलीच असते. बॅकअप हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि साडेपाच वर्षांचं गणित बदलतं. संगणक कक्षापुरता छोटा इन्व्हर्टर वेगळा घेणं बहुतेक शाळांना परवडतं. एवढं पत्रात एका वाक्यात लिहून टाका, म्हणजे पहिल्या भारनियमनाच्या दिवशी कोणी तुमच्याकडे रागाने बघणार नाही.

१०. छत जुनं आहे, पावसात गळतं. तरी प्रस्ताव द्यावा का?

आधी गळती, मग सोलर. पॅनेल पंचवीस वर्षांसाठी बसतात आणि नंतर वॉटरप्रूफिंग करायचं तर सगळं उतरवावं लागतं. ब्रिकबॅट कोबा असेल तर स्ट्रक्चरचे बोल्ट त्यातून आरपार मारू देऊ नका. वर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करायला सांगा. पॅनेलचं वजन फार नसतं, चौरस मीटरला स्ट्रक्चरसह १५-२० किलो. वादळी वाऱ्यात खालून बसणारा उचल जास्त घातक असतो, म्हणून ठोकळ्यांचं वजन कोणी आणि कसं काढलं ते विचारा. कौलारू इमारतीवर हे करू नये.

सावली पाहायची तर डिसेंबरात सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता छतावर जा. तेव्हा सावल्या सगळ्यात लांब पडतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच मालिकेतल्या बाकीच्यांची निर्मितीही खाली येते.

११. संस्थेकडे पैसे नाहीत. विक्रेता म्हणतो, ‘मी फुकट बसवतो, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या.’

याला रेस्को पद्धत म्हणतात. यंत्रणा त्याची, छत तुमचं, करार पंधरा-वीस वर्षांचा. तो जो दर सांगेल तो ८.७१ शी ताडा, ९.२८ शी नाही (प्र. ३). ‘तुमचं युनिट सव्वानऊला पडतं, मी साडेसहाला देतो’ या वाक्यात युनिटमागचा सत्तावन्न पैशांचा फायदा मुळात नसतोच. दर दरवर्षी किती टक्के वाढणार, सुट्टीत न वापरलेल्या विजेचे पैसे द्यायचे का आणि मध्येच इमारत पाडावी लागली तर काय, हे तीन मुद्दे करारात वाचा. ८ किलोवॅटसाठी असा गुंतवणूकदार सहसा मिळत नाही. तो मोठ्या छतांमागे असतो.

१२. आमच्या शाळेत दोन मीटर आहेत, प्राथमिकचं एक आणि माध्यमिकचं एक. बेरीज करून एकच यंत्रणा चालेल?

एका मीटरवर जमा झालेले युनिट दुसऱ्याच्या बिलात वळते होतील असं धरू नका. जास्त वापराच्या मीटरवर, त्या एकट्याच्या युनिटप्रमाणे क्षमता काढा. दोन्ही जोडण्या एक करून घ्यायचा विचार असेल तर एकत्र भार २० किलोवॅटच्या वर जातो का ते आधी पाहा. गेला तर स्थिर आकाराची पद्धतच बदलते आणि सोलरने वाचवलेलं तिकडे जाऊ शकतं.

१३. मीटर अजून संस्थेच्या जुन्या अध्यक्षांच्या नावावर आहे, आणि बिलावर वाणिज्यिक दर लागलाय.

दोन्ही आधी दुरुस्त करून घ्या. नेट मीटरचा अर्ज जोडणीधारकाच्या नावे होतो. शाळेची वर्गवारी सार्वजनिक सेवा अशी असते. वाणिज्यिक दर त्याहून महाग असतो, म्हणून त्या बिलांवरून काढलेली बचत मोठी दिसते. उद्या वर्गवारी दुरुस्त झाली की ती उतरते. नुसत्या वर्गवारी बदलाच्या अर्जानेही शाळेचे पैसे वाचतील, आणि त्याला काही खर्च नाही. पत्रात हिशेब सार्वजनिक सेवेच्या दरानेच करा.

१४. आमची वाडीवरची दोनशिक्षकी शाळा आहे. महिन्याला पन्नास-साठ युनिट लागतात. पत्र द्यावं का?

बचतीचं पत्र देऊ नका. साठ युनिटला अर्धा किलोवॅट पुरतो आणि त्यासाठी नेट मीटर, अर्थिंग आणि कागदपत्रांचा खर्च निघत नाही. वीज वारंवार जात असेल आणि डिजिटल वर्ग त्यामुळे बंद राहत असेल, तर बॅटरीसह छोटी यंत्रणा मागणारं पत्र लिहा. त्यात रुपयांऐवजी महिन्यात किती तास वीज नव्हती याची शिक्षकांनी ठेवलेली नोंद जोडा.